विचखेड्याच्या सरपंचबाईंचं पद सुप्रीम कोर्टानं परत का दिलं: निकाल सोप्या भाषेत

जळगाव जिल्ह्यातल्या विचखेडा गावच्या सरपंचबाईंचं पद अतिक्रमणाच्या तक्रारीवरून गेलं होतं. कलेक्टरनं अपात्र ठरवलं, विभागीय आयुक्तांनी तेच कायम ठेवलं, हायकोर्टानं याचिका फेटाळली, आणि शेवटी २७ सप्टेंबर २०२४ ला सुप्रीम कोर्टानं हे सगळे आदेश रद्द करून बाईंना मुदत संपेपर्यंत काम करू द्या असं सांगितलं. न्यायमूर्ती सूर्य कांत आणि न्यायमूर्ती उज्जल भुयान यांच्या खंडपीठाचा हा निकाल. पेपरात बातमी आली ती बहुतेक "महिला सरपंचाला न्याय" एवढ्यावरच थांबली, आणि गावोगावच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर फिरलं ते वेगळंच, की आता घरच्यांचं अतिक्रमण असलं तरी सरपंचाला कोणी हात लावू शकत नाही. हे दुसरं तर साफ चूक आहे, आणि त्याच्या भरवशावर कोणी येत्या निवडणुकीत फॉर्म भरला तर त्याचं नुकसान होईल, म्हणून निकालात काय आहे आणि काय नाही ते नीट मांडतो.

झालं काय होतं

या बाई फेब्रुवारी २०२१ मध्ये सरपंच झाल्या. त्या वेळी राज्यात थेट जनतेतून सरपंच निवडायची पद्धत बंद झालेली होती, आधी सदस्य म्हणून निवडून यायचं आणि मग सदस्यांनी आपल्यातून सरपंच निवडायचा, असं चालू होतं. हे लक्षात ठेवायचं कारण असं की अशा वेळी सदस्यपद गेलं की सरपंचपद आपोआप जातं, सरपंचाविरुद्ध अविश्वास ठराव आणायची, बहुमत जमवायची काही गरजच उरत नाही. एक अर्ज कलेक्टर ऑफिसात टाकला की झालं.

गावातल्या काही लोकांनी तेच केलं. त्यांचं म्हणणं असं की बाई सासूबरोबर ज्या घरात राहतात ते घर सरकारी जागेवर बांधलेलं आहे, म्हणजे अतिक्रमण आहे, आणि म्हणून त्या सदस्य राहायला अपात्र आहेत. बाईंचं उत्तर सरळ होतं. मी त्या घरात राहतच नाही, मी नवरा आणि मुलांसोबत वेगळी, भाड्याच्या घरात राहते. आणि ज्या घराबद्दल तुम्ही बोलताय ते इतकं मोडकळीला आलंय की तिथं कोणी राहूच शकत नाही.

बघा, इथं दोन्ही बाजूंचं भांडण कायद्याच्या अर्थावर नाहीये. भांडण एका साध्या गोष्टीवर आहे: बाई राहतात कुठं? आणि ही गोष्ट अशी आहे की गावात जाऊन, दोन घरं बघून, चार कागद तपासून कळू शकते. सुप्रीम कोर्टाला खटकलं ते हेच, की कलेक्टरनं ही गोष्ट नीट पडताळली नाही आणि तकलादू कारणांवर अपात्रतेचा आदेश काढून टाकला. आयुक्तांनी त्यावर शिक्का मारला. मग बाई मुंबई हायकोर्टात गेल्या, तिथं ३ ऑगस्ट २०२३ ला याचिका तांत्रिक मुद्द्यावर फेटाळली गेली, म्हणजे बाई कुठं राहतात हा मूळ प्रश्न तिथंही तसाच राहिला. तीन ठिकाणी फिरून झालं आणि एकाही ठिकाणी मुख्य गोष्टीचा छडा लागला नाही.

अतिक्रमणानं सदस्यपद जातं ते कसं

आता कायदा काय म्हणतो ते बघू, कारण ते कळल्याशिवाय हा निकाल कळणार नाही. आपला महाराष्ट्र ग्रामपंचायत अधिनियम १९५८ चा, त्यात कलम १४ मध्ये सदस्य व्हायला किंवा राहायला कोण अपात्र आहे त्याची यादी आहे. ग्रामपंचायतीचा कर थकवलेला माणूस, पंचायतीच्या कामात स्वतःचा आर्थिक हितसंबंध असलेला माणूस, ठरलेल्या तारखेनंतर तिसरं मूल झालेला माणूस वगैरे वगैरे. याच यादीत २००६ साली एक ओळ वाढवली, पोटकलम १ मधला खंड ज-३, की ज्यानं सरकारी जमिनीवर किंवा सार्वजनिक मालमत्तेवर अतिक्रमण केलंय तो अपात्र. तालुक्याला वकील लोक "ज-तीनची केस" म्हणतात ती हीच.

ही ओळ आणायचं कारण समजण्यासारखं आहे. गावातलं अतिक्रमण काढायचा अधिकार कलम ५३ खाली ग्रामपंचायतीलाच आहे. ज्याचं स्वतःचं अतिक्रमण आहे तोच माणूस पंचायतीत बसला तर तो ते काढायचा ठराव कशाला होऊ देईल? म्हणून असा माणूस पंचायतीत नकोच, हा हेतू. मला व्यक्तिशः ही ओळ योग्यच वाटते, गायरानावर पक्की घरं बांधून वर पंचायतीत खुर्ची धरून बसलेली माणसं आपण सगळ्यांनी पाहिलीत.

पण अडचण लगेच सुरू झाली. अतिक्रमण "केलंय" म्हणजे कोणी केलंय? समजा आजोबांनी ४० वर्षांपूर्वी सरकारी जागेत खोली बांधली, आता तिथं नातू राहतो आणि तो निवडून आला, तर त्यानं अतिक्रमण केलं म्हणायचं का? नाहीतर सून लग्न होऊन त्या घरात आली, तिनं तर एक वीटही रचलेली नाही, मग ती अपात्र कशी? यावर हायकोर्टात उलटसुलट निकाल होते. नोव्हेंबर २०१७ मध्ये सुप्रीम कोर्टाच्या दोन न्यायमूर्तींनी सांगितलं की मूळ अतिक्रमण ज्यानं केलं तोच अपात्र, घरातले बाकीचे नाहीत. वर्षभरही झालं नाही तोवर, १९ सप्टेंबर २०१८ ला, जनाबाई विरुद्ध अतिरिक्त आयुक्त या प्रकरणात तीन न्यायमूर्तींच्या खंडपीठानं हे मत चुकीचं ठरवलं. त्यांनी सांगितलं की अतिक्रमण कोणी सुरू केलं एवढंच बघायचं नाही, त्या अतिक्रमित जागेचा ताबा आणि वापर जो चालू ठेवतो तोसुद्धा यात येतो, कुटुंबातला माणूस म्हणून तिथं राहत असला तरी येतो, कारण ज-तीनचा हेतूच तो आहे.

हा जनाबाई प्रकरणाचा निकाल आजही लागू आहे, आणि ग्रुपवर फिरणारा मेसेज चूक आहे म्हणतो ते यामुळंच. विचखेड्याचा निकाल दोन न्यायमूर्तींचा आहे. दोन जणांचं खंडपीठ तीन जणांच्या खंडपीठाचा कायदा बदलू शकत नाही, आणि या निकालात तसा प्रयत्न पण नाहीये. सासऱ्यानं सरकारी जागेत बांधलेल्या घरात सून आज खरोखर राहत असेल, तर तिच्या सदस्यपदाला धोका आहेच, कालही होता आणि आजही आहे.

आणि आता परत विचखेड्याकडं बघा. जनाबाई निकालानंतर सगळा खेळ "राहतात का, वापरतात का" यावर आला. म्हणजे बाईंनी जे उत्तर दिलं होतं, की मी त्या घरात राहत नाही, ते काही पळवाट म्हणून दिलेलं उत्तर नव्हतं, कायद्यानुसार केसचा निकाल ज्या एका गोष्टीवर लागायला पाहिजे नेमकी तीच गोष्ट त्या सांगत होत्या. ते खरं असेल तर अपात्रता नाही, खोटं असेल तर आहे. मधली वाट नाही. आणि कलेक्टरनं तीच गोष्ट तपासली नाही.

कलेक्टर इथं साहेब नसतो, न्यायाधीश असतो

हा भाग मला जास्त महत्त्वाचा वाटतो आणि बातम्यांमध्ये तो जवळपास आलाच नाही.

कलेक्टर एरवी सरकारचा अधिकारी म्हणून काम करतो, आदेश देतो, खालचे लोक ऐकतात. पण कलम १६ खाली सदस्याच्या अपात्रतेचा अर्ज त्याच्यापुढं येतो तेव्हा त्याची भूमिका बदलते. समोर दोन पक्ष असतात, एक म्हणतो अपात्र आहे, दुसरा म्हणतो नाही, आणि त्यानं दोघांचं ऐकून, पुरावा बघून, कारण देऊन निर्णय करायचा असतो. याला अर्धन्यायिक काम म्हणतात. कलमातच लिहिलंय की सदस्याला आपलं म्हणणं मांडायची वाजवी संधी दिल्याशिवाय त्याच्याविरुद्ध आदेश काढता येणार नाही, आणि कलेक्टरचा निर्णय होईपर्यंत सदस्य सदस्यच राहतो, नुसत्या तक्रारीनं त्याचं काम थांबत नाही. निर्णय शक्यतो ६० दिवसांत द्यायचा असतो, आणि त्यावर १५ दिवसांत अपील करता येतं. अपील कायद्यात राज्य सरकारकडं लिहिलंय, पण तो अधिकार विभागीय आयुक्तांकडं सोपवलेला असल्यामुळं प्रत्यक्षात ते आयुक्तांपुढं चालतं.

आता "वाजवी संधी" हा प्रकार बऱ्याच ठिकाणी असा उरकला जातो की नोटीस पाठवली, सदस्यानं वकिलामार्फत लेखी उत्तर दिलं, एक तारीख झाली, आणि आदेश आला. कागदावर सगळं बरोबर दिसतं. नोटीस आहे, उत्तर आहे, सही आहे. पण उत्तर घेतलं म्हणजे उत्तराचा विचार केला असं होत नाही ना. सदस्य म्हणतो मी तिथं राहत नाही, हा माझा भाडेकरार, आणि आदेशात त्या भाडेकराराचं नाव पण नसेल, तो खरा की खोटा यावर एक ओळ नसेल, तर मग ती संधी देऊन उपयोग काय झाला? सुप्रीम कोर्टानं या प्रकरणात वेगवेगळ्या पातळीवरच्या अधिकाऱ्यांच्या बेफिकिरीवर बोट ठेवलं, त्यांनी यांत्रिकपणे आणि झटपट आदेश काढले म्हणून नाराजी दाखवली, त्याचा अर्थ हाच आहे.

नीट चौकशी कशी दिसते ते एका उदाहरणावरून सांगतो. हे उदाहरण मी बनवलेलं आहे, विचखेड्याचं नाही. समजा एका सदस्य बाईंविरुद्ध अर्ज आला की त्या गावठाणाला लागून असलेल्या सरकारी गटात सासरच्या घरात राहतात. पहिला प्रश्न, ती जागा खरंच सरकारी आहे का. याचं उत्तर तक्रारदाराच्या शब्दावर किंवा शेजाऱ्याच्या सांगण्यावर मिळत नाही. सातबारा बघावा लागतो, गावठाणाची हद्द कुठं संपते ते बघावं लागतं, आणि शंका असेल तर भूमी अभिलेखकडून मोजणी करून घ्यावी लागते. मोजणीचा नकाशा हातात असला म्हणजे घर सरकारी जागेत किती शिरलंय ते दिसतं, पूर्ण घर आहे की नुसता ओटा आहे की काहीच नाही. मोजणी न करता "अतिक्रमण आहे" असं लिहिलेला आदेश तिथंच अर्धा लंगडा झाला. नुसता ग्रामपंचायतीचा नमुना ८ चा उतारा दाखवून पण भागत नाही, कारण तो घरपट्टीच्या आकारणीचा कागद आहे, घरपट्टी सरकारी जागेतल्या घरालाही लागू शकते आणि घर कोणाच्या नावावर लागलंय यावरून जमीन कोणाची ते ठरत नाही.

दुसरा प्रश्न, बाई तिथं राहतात का. इथं एकाच कागदावर विसंबून राहणं धोक्याचं आहे. रेशनकार्डावर सासऱ्याचा पत्ता असतो कारण लग्नानंतर नाव तिथं चढलं आणि नंतर कोणी बदललंच नाही, आधारवर पण तोच, मतदार यादीत पण तोच घर क्रमांक, आणि तक्रारदार हे तीन कागद जोडून म्हणतो, बघा राहतात की नाही. याउलट भाडेकरार नुसता पन्नास-शंभर रुपयांच्या स्टॅम्पवर तक्रार आल्यानंतरच्या तारखेचा असेल तर त्यालाही फार वजन देता येणार नाही. म्हणून सगळं एकत्र बघायचं असतं. लाइटबिल कुठल्या घराचं कोण भरतं आणि जुन्या घराचा मीटर चालू तरी आहे का, गॅसची डिलिव्हरी कुठं होते, मुलांच्या शाळेत पत्ता कुठला दिलाय, घरमालक काय सांगतो, आजूबाजूचे काय सांगतात. आणि सगळ्यात सोपी गोष्ट म्हणजे तलाठी आणि ग्रामसेवकानं दोन्ही पक्षांना बोलावून, पंचांसमोर दोन्ही घरं बघून पंचनामा करायचा. जुन्या घरात चूल पेटते का, भांडीकुंडी अंथरूण आहे का, छप्पर शाबूत आहे का, हे पंचनाम्यात आलं की निम्मा वाद तिथंच मिटतो. विचखेड्याच्या बाई म्हणत होत्या की ते घर पडायला आलंय. ही तर डोळ्यांनी बघायची गोष्ट.

पंचनामा करताना सदस्याला बोलावलंच नाही, किंवा पंच म्हणून तक्रारदाराचेच दोन माणसं घेतली, असंही होतं. असा पंचनामा मिळाला तर त्याच दिवशी लेखी हरकत घ्यायची, पोच घ्यायची. नंतर वरच्या कोर्टात "मला बोलावलं नव्हतं" हे पहिल्यांदा सांगितलं तर ऐकलं जाण्याची शक्यता कमी होते.

हे सगळं झाल्यावर आदेश. आदेश वाचून कळलं पाहिजे की अधिकाऱ्यानं कोणता पुरावा मानला, कोणता नाही मानला, आणि का. "अर्जदाराचे म्हणणे संयुक्तिक वाटते, सबब सदस्य अपात्र ठरविण्यात येत आहे" एवढ्यावर संपणारा आदेश असेल तर त्यात निर्णय आहे पण कारण नाही, आणि कारण नसलेला आदेश वरच्या कोर्टात टिकणं अवघड असतं. अपीलात आयुक्तांनी पण तेच बघायचं असतं, खालच्या आदेशाची री ओढणं म्हणजे अपील ऐकणं नव्हे.

कोर्टानं आणखी काय म्हटलं

सुप्रीम कोर्टानं दुसरी एक गोष्ट फार स्पष्ट बोलली. त्यांच्या मते ही तक्रार मुळात उभी राहिली ती एक बाई सरपंच झाली, तिच्या हाताखाली, तिच्या निर्णयानं गाव चालणार, हे काही गावकऱ्यांना पचलं नाही म्हणून. कामात दोष सापडला नाही म्हणून घराचा विषय शोधून काढला, असा कोर्टाचा सूर आहे. उमेदवारी अर्ज भरला तेव्हा असा अतिक्रमणाचा मुद्दा ठोसपणे पुढं आल्याचं दिसत नाही, हेही कोर्टानं लक्षात घेतलं. निवडून आलेल्या लोकप्रतिनिधीला काढणं ही हलक्यात घ्यायची गोष्ट नाही, आणि खेड्यातल्या बाईचा प्रश्न असेल तर अजिबातच नाही, असं सांगून कोर्टानं अधिकाऱ्यांना पण सुनावलं, की तुम्ही स्वतः संवेदनशील व्हा, अशा बायकांना काम करून दाखवता येईल असं वातावरण तयार करा.

महाराष्ट्रात पंचायतीत निम्म्या जागा बायकांना राखीव आहेत, २०११ पासून. जागा राखीव केली की निवडून यायचा प्रश्न सुटतो, पण पाच वर्षं टिकायचा सुटत नाही. ज्या पॅनेलला मतपेटीतून जमलं नाही ते कलेक्टर ऑफिसातून जमतं का ते बघतात, कधी अतिक्रमण, कधी शौचालय वापराचा दाखला, कधी जात पडताळणीची तारीख, कधी खर्चाचा हिशोब वेळेत दिला नाही. यातल्या काही तक्रारी खऱ्या असतात, त्या व्हायलाच पाहिजेत. पण खरी कुठली आणि उट्टं काढायची कुठली हे चौकशीशिवाय कळत नाही, आणि म्हणून कोर्टानं स्त्री-पुरुषाचं जे म्हटलंय आणि चौकशीचं जे म्हटलंय ते दोन वेगळे मुद्दे नाहीत. चौकशी ढिली असली की त्याचा पहिला फटका ज्याच्या मागं गावातलं वजन नाही त्याला बसतो.

आधी पण कोर्टानं असं सांगितलेलं आहे. उरण नगरपरिषदेच्या अध्यक्षांना पदावरून काढलं होतं, त्या प्रकरणात २०१२ साली सुप्रीम कोर्टानं म्हटलं होतं की लोकांनी निवडून दिलेल्याला काढताना कायद्याची प्रक्रिया काटेकोर पाळली पाहिजे, कारण त्या एका माणसाबरोबर ज्यांनी त्याला निवडलं त्यांचाही हक्क जातो. विचखेड्याचा निकाल त्याच वाटेवरचा आहे.

एका वाक्याबद्दल मात्र सांभाळून राहायला पाहिजे. कोर्टानं म्हटलंय की आरोपाच्या मानानं पदावरून काढायची शिक्षा फार जास्त झाली. हे वाक्य उचलून उद्या कोणी म्हणेल की माझं अतिक्रमण छोटंसं आहे, दोन फुटांचा ओटाच आहे, तर मला काढू नका, दंड करा. तसं चालेल असं मला वाटत नाही. कलम १४ मध्ये छोटं अतिक्रमण आणि मोठं अतिक्रमण असा फरक नाही, कमी शिक्षा द्यायची सोयही नाही, एक तर अपात्र किंवा पात्र. या प्रकरणात आरोपच पक्का सिद्ध नव्हता, त्यावर पद काढलं, म्हणून शिक्षा जास्त वाटली, असं ते वाक्य पूर्ण निकालासोबत वाचायला पाहिजे. वकील मंडळी यावर वेगळं बोलतील, बोलू द्या, पण सदस्यानं स्वतः या एका वाक्यावर भिस्त ठेवू नये.

ज्याच्यावर अशी केस आली त्यानं काय करायचं

नोटीस आली की नुसतं "आरोप खोटे आहेत" असं उत्तर देऊन थांबू नका. वर सांगितलेले दोन प्रश्न, जागा सरकारी आहे का आणि मी तिथं राहतो किंवा वापरतो का, यांचं वेगवेगळं उत्तर कागदांसह द्या, आणि शेवटी लेखी मागणी करा की मोजणी आणि दोन्ही घरांचा पंचनामा माझ्यासमोर करावा. ही मागणी रेकॉर्डवर असली आणि तरी चौकशी झाली नाही, तर पुढं अपीलात आणि हायकोर्टात तुमचा पाया पक्का होतो. हायकोर्ट सहसा नव्यानं पुरावा तपासत बसत नाही, निर्णय घेण्याची पद्धत बरोबर होती का तेवढं बघतं, त्यामुळं जे काही सांगायचं ते कलेक्टरपुढंच सांगून, जोडून ठेवलेलं असलं पाहिजे. आदेश विरोधात गेला तर १५ दिवस मोजायला लागा, नक्कल उशिरा मिळाली असेल तर तिच्यावरची तारीख जपून ठेवा, अपीलासोबत स्थगितीचा वेगळा अर्ज द्या, कारण अपील चालू असताना रिकाम्या जागेची पोटनिवडणूक लागली तर गुंता वाढतो.

आणि तक्रारदारांसाठी पण तेच आहे. खरंच अतिक्रमण असेल तर सातबारा, मोजणीची नक्कल, फोटो, राहत असल्याचे पुरावे घेऊन जा. आरोप तुम्ही केलाय तर सिद्ध करायची जबाबदारी आधी तुमची आहे. घाईघाईत मिळवलेला अपात्रतेचा आदेश तीन वर्षांनी दिल्लीत रद्द झाला तर खरं अतिक्रमण असून सुद्धा तुम्ही हरलेले असता.

विचखेड्याच्या बाईंना पद परत मिळालं तेव्हा पाच वर्षांपैकी साडेतीन वर्षांहून जास्त काळ संपलेला होता. गेलेले दिवस कोणतंही कोर्ट परत देऊ शकत नाही, निकालात फक्त उरलेली मुदत पूर्ण करू द्या एवढंच आहे. ते सरकारी जागेवरचं म्हणतात ते घर, त्याचं काय करायचं हा प्रश्न या केसमध्ये नव्हताच. ते खरंच अतिक्रमण असेल तर ते काढायचा रस्ता कलम ५३ खाली ग्रामपंचायतीला आणि जमीन महसूल कायद्याच्या कलम ५० खाली कलेक्टरला वेगळा मोकळा आहे, आणि त्यासाठी कोणाला सरपंचपदावरून काढायची गरज नाही.